कर्करोग, उतारवय आणि शरीराचे राखीव बळ

घरातील पंचाहत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला कर्करोग असल्याचे कळले की कुटुंबात दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. एक असे : ‘आता या वयात कशाला हाल करायचे? जे काही दिवस आहेत ते सुखात जाऊ द्यावेत.’ दुसरे असे : ‘डॉक्टर, खर्चाकडे पाहू नका, जे सर्वांत मोठे औषध असेल ते द्या.’ दोन्ही वाक्यांमागे माया असते. परंतु पहिल्या वाक्यामुळे बरा होऊ शकणारा रुग्ण उपचारांवाचून राहतो आणि दुसऱ्यामुळे एखादा रुग्ण कर्करोगाने नव्हे, तर औषधाच्या माऱ्याने अंथरूण धरतो. कारण दोन्ही वाक्ये रुग्णाकडे न पाहता बोललेली असतात. पहिल्यात केवळ वय दिसते, दुसऱ्यात केवळ रोग.

या दोहोंच्या मधली वाट दाखवणारी तपासणी आज उपलब्ध आहे. तिच्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो तास-दीड तासाचा वेळ, एक खुर्ची, एक घड्याळ, वजनकाटा आणि खरे बोलणारे नातेवाईक. ही तपासणी कशी होते आणि तिच्यामुळे उपचार कसे बदलतात, हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांच्या आधारे आपण समजून घेऊ. ओळख पटू नये म्हणून त्यांची नावे दिलेली नाहीत.

जर्जरता म्हणजे काय?

प्रत्येक अवयवाकडे रोजच्या गरजेपेक्षा थोडी अधिक क्षमता असते. तरुणपणी ताप आला, चार दिवस अन्न गेले नाही, तरी शरीर ही शिल्लक वापरून सावरते. उतारवयात ही गंगाजळी आटत जाते. पण सर्वांची सारख्या वेगाने नाही. शिल्लक फारच उरली नसेल, तर लहानसा आघातही माणसाला पार खाली आणतो : दोन दिवसांचे जुलाब झाले की चालणे बंद होते, साध्या तापात भ्रम होतो. या अवस्थेला वैद्यकात फ्रेल्टी म्हणतात. आपण तिला जर्जरता म्हणू.

केमोथेरपी हा असाच एक आघात आहे, आणि तो ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा होतो. म्हणून औषध किती द्यायचे हे ठरवताना रुग्णाची जन्मतारीख पुरत नाही. त्याची शिल्लक किती आहे, ती कोठे कोठे गळते आहे आणि ती गळती थांबवता येईल का, हे पाहावे लागते.

दोन रुग्ण, एकच रोग

पहिल्या रुग्ण ७६ वर्षांच्या आजी. दुसरे ८२ वर्षांचे शेतकरी आजोबा. दोघांच्याही मोठ्या आतड्यातील गाठ शस्त्रक्रियेने काढली होती आणि दोघांच्याही बाबतीत जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये रोग आढळला होता, म्हणजे टप्पा तिसरा. या टप्प्यावर शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी दिल्यास रोग उलटण्याची शक्यता कमी होते. ती शक्यतो शस्त्रक्रियेपासून आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते.

आजींच्या सूनबाई म्हणाल्या, ‘आई अजून पंचाहत्तरीच्याच आहेत, त्यांना पूर्ण उपचार द्या.’ आजोबांचा मुलगा म्हणाला, ‘बाबांची ब्याऐंशी झाली. आता त्यांना त्रास नको.’ वयाकडे पाहिले तर दोघांचेही म्हणणे पटण्याजोगे होते.

आठ प्रश्नांची चाळणी

पहिली पायरी म्हणजे एक छोटी चाळणी. फ्रान्समध्ये खास वृद्ध कर्करुग्णांसाठी तयार झालेली ‘जी-८’ ही प्रश्नावली त्यासाठी वापरतात. तिच्यात आठ बाबी असतात : गेल्या तीन महिन्यांत जेवण कमी झाले का, वजन घटले का, रुग्ण घराबाहेर पडतो का, स्मृती किंवा मनःस्थितीची तक्रार आहे का, उंचीच्या मानाने वजन किती, रोज तीनहून अधिक औषधे चालू आहेत का, स्वतःच्या वयाच्या इतरांशी तुलना करता स्वतःची प्रकृती कशी वाटते आणि वय किती. एकूण गुण १७. चौदा किंवा त्याहून कमी गुण पडले, तर सविस्तर तपासणी करायची.

या सतरा गुणांपैकी वयाच्या वाट्याला फक्त दोन येतात, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. उरलेले पंधरा गुण खाणे, चालणे, वजन, मन, औषधे आणि स्वतःला वाटणारी प्रकृती यांचे आहेत.

आजोबांचे जेवण पूर्ववत होते. वजन ६४ किलो, आणि ते घटलेले नव्हते. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या. ते रोज मळ्यापर्यंत चालत जात आणि ‘माझ्या वयाचे पारावरचे सगळे माझ्यापेक्षा थकलेले आहेत,’ असे सांगत. वयामुळे एक गुण आणि सडपातळ बांध्यामुळे एक गुण गेला. एकूण पडले १५.

आजींचे वजन तीन महिन्यांत ४९ किलोंवरून ४४ वर आले होते. जेवण अर्ध्यावर आले होते. घरात चालत, पण बाहेर पडणे थांबले होते. रोज सात औषधे चालू होती. स्वतःच्या प्रकृतीविषयी त्या म्हणाल्या, ‘माझ्या बरोबरीच्या बायका देवळात जातात हो, मला तेवढेही होत नाही.’ त्यांचे गुण भरले ७.

चाळणी फक्त धोक्याची सूचना देते. सात गुण म्हणजे केमोथेरपी देऊ नये, असा तिचा अर्थ नाही. काय बिघडले आहे हे शोधण्यासाठी दुसरी पायरी चढावी लागते.

बिघाड कोठे आहे, याचा शोध

सविस्तर तपासणीत सर्वप्रथम चालणे पाहतात. हात असलेल्या खुर्चीवरून उठायचे, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचे, वळून परत येऊन बसायचे. घरात काठी वापरत असतील तर काठी घेऊनच. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका अधिक समजतात. आजोबांना १० सेकंद लागले, आजींना १९. उठताना त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. दोन महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. मार लागला नाही म्हणून ते कोणी सांगितले नव्हते. गेल्या सहा महिन्यांतील एक साधे पडणेही केमोथेरपीच्या दुष्परिणामांचा धोका वाढल्याची खूण मानतात, म्हणून ते आवर्जून सांगावे.

मग रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोनदा मोजला. आजींचा वरचा आकडा १३८ वरून १०८ वर उतरला. वीसपेक्षा अधिक उतार हा दोष समजतात. रक्तदाबाच्या गोळ्या वजन ४९ किलो आणि जेवण नीट असतानाच्या होत्या. आता त्या त्यांना जड जात होत्या.

औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केल्यावर आणखी उलगडा झाला. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी रोज, झोपेसाठी अल्प्राझोलम, आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड. जेवण अर्धे आणि मधुमेहाची गोळी पूर्ण, म्हणून पहाटे घाम येऊन थरथर होत असे. घरच्यांना तो अशक्तपणा वाटे. झोपेच्या गोळीने रात्री तोल जाई. आणि वेदनाशामक गोळीचा परिणाम मूत्रपिंडांवर होत होता.

मूत्रपिंडांचा मुद्दा थोडा सावकाश समजून घेऊ, कारण येथे अनेकदा फसगत होते. आजींचे क्रिएटिनिन १.१ होते आणि तसा आकडा पाहून घरची माणसे निश्चिंत होतात. परंतु क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते. ज्यांचे स्नायूच झिजले आहेत, त्यांच्या रक्तात ते कमी दिसते आणि मूत्रपिंड मात्र थकलेले असते. म्हणून एक साधे गणित करतात : १४० मधून वय वजा करायचे, उरलेल्या आकड्याला किलोतील वजनाने गुणायचे आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागायचे, रुग्ण स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचे. आजींचे उत्तर आले ३०. आजोबांचे क्रिएटिनिन १.० होते, त्यांचे उत्तर आले ५१ च्या पुढे.

हा फरक निर्णायक ठरतो. या रोगात तोंडाने घ्यायचे कॅपेसिटाबिन हे औषध वापरतात. हे उत्तर ३० च्या खाली असेल तर ते देत नाहीत. ३० ते ५० च्या दरम्यान असेल तर पाऊण मात्रेने सुरुवात करतात. त्यावर असेल तर पूर्ण मात्रा चालते. आजी अगदी काठावर उभ्या होत्या.

स्मृतीसाठी तीन शब्द लक्षात ठेवून नंतर सांगणे आणि घड्याळाचे चित्र काढणे, एवढी छोटी परीक्षा घेतली. त्यात त्या उत्तीर्ण झाल्या. केमोथेरपीच्या गोळ्या घरी घ्यायच्या असतात, किती घ्यायच्या आणि केव्हा थांबवायच्या हे लक्षात ठेवावे लागते, म्हणून ही परीक्षा महत्त्वाची. हिमोग्लोबिन ९.४ होते, आतड्यातील गाठीतून दीर्घकाळ झिरपलेल्या रक्तामुळे लोह संपले होते.

चार आठवड्यांची डागडुजी

आजींची तपासणी शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात झाली. म्हणजे आठ आठवड्यांची मर्यादा सांभाळून चार आठवडे हाताशी होते. कर्करोगतज्ज्ञांशी बोलून तेवढा वेळ घेतला.

डायक्लोफेनॅक बंद करून गुडघ्यांसाठी पॅरासिटॅमॉल आणि शेक सुरू केला. रक्तदाबाची एक गोळी थांबवली, मधुमेहाची मात्रा कमी केली. झोपेची गोळी एकदम बंद केल्यास त्रास होतो, म्हणून ती हळूहळू उतरवली. लोह शिरेतून दिले. आहारतज्ज्ञांनी मूत्रपिंडांचा अंदाज घेऊन दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने ठरवून दिली : दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, दही, दूध, थोडे पनीर आणि रोजची भाकरी. एका वेळी जात नसल्याने ती पाच वेळांत विभागली. मूत्रपिंड अधिक बिघडलेले असेल तर हे प्रमाण बदलते. शेजारच्यांचा आहार पाहून ते ठरवू नये. व्यायाम म्हणाल, तर खुर्चीवरून उठणे-बसणे, आधी पाच वेळा, मग दहा, दिवसातून तीनदा, आणि सूनबाईंच्या सोबतीने ओट्यापासून फाटकापर्यंत चालणे. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली.

चार आठवड्यांनी वजन ४५ झाले, हिमोग्लोबिन १०.८, खुर्चीच्या चाचणीला १४ सेकंद. क्रिएटिनिन ०.९ वर आले आणि मूत्रपिंडाच्या गणिताचे उत्तर ३० वरून सुमारे ३८ झाले. आजी काठावरून थोड्या आत सरकल्या. वय मात्र तेच, ७६.

मग उपचार कसे ठरले?

या रोगात कॅपेसिटाबिनच्या जोडीला ऑक्झॅलिप्लॅटिन हे शिरेतून द्यायचे औषध वापरण्याची पद्धत आहे. परंतु सत्तरीनंतर त्या जोडीचा अधिकचा फायदा थोडा आणि अनिश्चित असल्याचे दिसले आहे. शिवाय त्या औषधाने हातापायांना बधिरता येते. ज्यांचा तोल आधीच जातो, त्यांचे पाय बधिर करणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. म्हणून दोघांनाही ते दिले नाही.

आजोबांना कॅपेसिटाबिन पूर्ण मात्रेने सुरू झाले : दोन आठवडे गोळ्या, एक आठवडा विश्रांती, अशी आठ चक्रे, म्हणजे सुमारे सहा महिने. तळपायांना लाली आणि आग होणे यापलीकडे मोठा त्रास न होता ती पूर्ण झाली. केवळ ब्याऐंशी या आकड्याकडे पाहून थांबलो असतो, तर रोग उलटण्याचा धोका कमी करण्याची संधी त्यांना मिळालीच नसती.

आजींना तेच औषध पाऊण मात्रेने दिले. त्याआधी त्यांना एकटीला बसवून विचारले, ‘आजी, तुम्हाला काय हवे आहे?’ त्या म्हणाल्या, ‘औषध घेईन मी. पण माझे मला नहाता-जेवता यायला हवे. अंथरुणात पडून कोणाकडून करून घ्यायचे नाही.’ हे वाक्य त्यांच्या कागदांवर लिहून ठेवले, कारण कोठे थांबायचे हे पुढे त्यावरूनच ठरणार होते. दुसऱ्या चक्रात त्यांना दिवसात नेहमीपेक्षा पाच वेळा अधिक जुलाब झाले. ठरल्याप्रमाणे सूनबाईंनी त्याच दिवशी गोळ्या थांबवून फोन केला. क्षारपाणी दिले, रक्त तपासले, आणि त्रास शमल्यावर मात्रा आणखी थोडी उतरवून उपचार पुन्हा सुरू झाले. सहाव्या चक्राअखेर थकवा वाढून अंघोळीला मदत लागू लागली, तेव्हा त्यांच्याच शब्दांची आठवण ठेवून सर्वांच्या संमतीने तेथे थांबलो. दोन महिन्यांनी त्या पुन्हा स्वतः नहाऊ लागल्या. रोग कधीच उलटणार नाही, असे आश्वासन या दोघांपैकी कोणालाही देता येत नाही. तसे ते तरुण रुग्णालाही देता येत नाही.

अभ्यास काय सांगतात आणि त्यांची मर्यादा

अमेरिकेत सत्तरीपुढील ७१८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांचा कर्करोग पूर्ण बरा न होणारा होता. निम्म्या डॉक्टरांना रुग्णाच्या जर्जरतेचा तपशीलवार अहवाल आणि त्यावरील सूचना दिल्या, उरलेल्यांना दिल्या नाहीत. अहवाल नसलेल्या गटात १०० पैकी ७१ रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले. अहवाल असलेल्या गटात ५१ जणांना. अहवाल पाहून डॉक्टरांनी सुरुवातीची मात्रा अधिक वेळा कमी ठेवली होती, तरीही सहा महिन्यांनंतर जिवंत असलेल्यांच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक नव्हता.

त्याच वर्षी ब्रिटनमधील ५१४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जठराचा किंवा अन्ननलिकेचा पसरलेला कर्करोग असलेल्या वृद्ध वा जर्जर रुग्णांना पूर्ण, ८० टक्के किंवा ६० टक्के मात्रा दिली. रोग आटोक्यात ठेवण्यात ६० टक्के मात्रा कमी पडली नाही आणि रुग्णांचा एकंदर अनुभव तिच्यात अधिक चांगला होता.

मात्र या निष्कर्षाचा अर्थ ‘वृद्धांना नेहमी कमीच औषध द्यावे’ असा करू नये. तो अभ्यास बरा न होणाऱ्या, पसरलेल्या रोगाचा होता. जेथे रोग मुळापासून बरा होण्याची शक्यता आहे, तेथे अकारण मात्रा घटवली तर ती शक्यताच आपण घालवतो. म्हणूनच आजोबांना पूर्ण मात्रा दिली.

आणखी एक मर्यादा आहे. काही वेळा रुग्णाला खिळवून ठेवणारा अशक्तपणा कर्करोगानेच आणलेला असतो. लसिकाग्रंथींच्या काही वेगाने वाढणाऱ्या कर्करोगांत महिन्यापूर्वी शेतात जाणारा माणूस आज अंथरुणात असतो. अशा रुग्णाला आजच्या अवस्थेवरून जर्जर ठरवणे चूक ठरेल. तेथे काही दिवस स्टेरॉइड देऊन तो किती सावरतो हे पाहतात आणि मग मात्रा ठरवतात. म्हणून ‘दुखणे सुरू होण्याआधी, तीन महिन्यांपूर्वी, हे काय काय करत होते?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तरी आपण त्याचे उत्तर सांगावे.

डॉक्टरांकडे जाताना

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र विभाग आहे. परंतु अशी सोय सर्वत्र नाही, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तज्ज्ञांना दहा मिनिटेही मिळत नाहीत. निम्मे काम घरी आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे होऊ शकते. एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात : तीन महिन्यांपूर्वीचे आणि आजचे वजन, गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडले, स्वतःची औषधे, पैसे आणि फोन स्वतः सांभाळतात का, खुर्चीच्या चाचणीला किती सेकंद लागले (ती घेताना कोणीतरी शेजारी उभे राहावे), ऐकू नीट येते का, आणि रात्री-अपरात्री रुग्णालयात नेणारे घरात कोण आहे. सोबत सर्व औषधे पिशवीसह न्यावीत, आयुर्वेदिक चूर्णे व दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह. स्वतःहून कोणतेही औषध बंद मात्र करू नये.

उपचार सुरू झाल्यावर १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप, नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जादा जुलाब, पाणीही गिळता येणार नाही अशी तोंडात फोड, नवी गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता त्याच वेळी फोन करावा. गोळ्या कोणत्या लक्षणाला थांबवायच्या, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. वृद्ध शरीरात बिघाड वेगाने होतो. एका दिवसाचा उशीरही महागात पडतो.

आणि हे मोजमाप एकदाच करून भागत नाही. दर दोन-तीन चक्रांनंतर वजन, खुर्चीची चाचणी आणि मूत्रपिंडांचे गणित पुन्हा करावे. आकडे घसरत असतील तर मात्रा उतरवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. ते सुधारले असतील, तर आधी वगळलेला एखादा उपचार आता शक्य आहे का, हेही विचारावे.